गोळ्या थांबवायच्या कधी, पुन्हा सुरू करायच्या कशा

टीबीचे औषध सुरू होताना रुग्णाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: लघवी लाल होईल, घाबरू नका. हे खरंच आहे. रिफॅम्पिसिन हे औषध शरीराबाहेर पडताना लघवीला, घामाला, अगदी डोळ्यांतल्या पाण्यालाही नारिंगी-लाल रंग देतं आणि त्याने काही बिघडत नाही. पण याच आश्वासनामुळे पुढे तीन-चार आठवड्यांनी एक धोक्याची खूण हमखास नजरेआड होते. औषधांनी लिव्हरला सूज येऊन कावीळ सुरू झाली की लघवी पुन्हा गडद होते, आणि रुग्णाला वाटतं, हा तर गोळ्यांचा रंग, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

दोन्हींतला फरक घरबसल्या ओळखता येतो. रिफॅम्पिसिनचा रंग गोळ्या घेतल्यानंतरच्या काही तासांत सर्वांत जास्त दिसतो आणि संध्याकाळपर्यंत बराच फिका पडतो. कावीळीची लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी असते, दिवसभर तशीच राहते, आणि तिचा फेससुद्धा पिवळा दिसतो. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र नेहमीच्या डोसातल्या रिफॅम्पिसिनने पिवळा होत नाही. म्हणून शंका आली की रुग्णाला उजेडात, दारात किंवा अंगणात उभं करून खालची पापणी हलकेच ओढून पाहायचं. ट्यूबलाइटच्या प्रकाशात सुरुवातीची कावीळ चटकन कळत नाही.

टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं एकत्र दिली जातात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. सरकारी कार्यक्रमात ही चारही एकाच गोळीत असतात आणि वजनाप्रमाणे रोज दोन ते सहा गोळ्या मिळतात. यांपैकी इथॅम्ब्युटॉलचा लिव्हरला सहसा त्रास नाही, त्याचं लक्ष डोळ्यांवर ठेवावं लागतं. उरलेली तिन्ही लिव्हरला इजा करू शकतात आणि तिघांची तऱ्हा वेगळी आहे.

आयसोनियाझिड लिव्हरमध्ये मोडताना त्यातून हायड्रॅझिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात. ते निष्प्रभ करण्याचं काम एक विशिष्ट एन्झाइम करतं, आणि त्याचा वेग जन्मजात ठरलेला असतो. काही माणसांत तो जलद असतो, काहींत मंद. मंद गतीच्या माणसांत विषारी पदार्थ जास्त साचतात आणि लिव्हर बिघडण्याची शक्यता वाढते. भारतात अशा मंद गतीच्या माणसांचं प्रमाण बरंच आहे. रिफॅम्पिसिन एकटं असताना फारसा उपद्रव देत नाही, पण ते लिव्हरमधल्या एन्झाइमांना चेतवतं आणि त्यामुळे आयसोनियाझिडचा त्रास वाढू शकतो. पायराझिनामाइड हे तिघांतलं सर्वांत खोडसाळ. त्याने झालेली इजा अनेकदा जास्त तीव्र असते आणि औषध बंद केल्यावरही सावकाश उतरते. अमेरिकेत लपलेल्या टीबीसाठी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा दोन महिन्यांचा उपचार काही वर्षं दिला जात होता. लिव्हर निकामी होऊन मृत्यू होऊ लागल्यावर २००३ मध्ये तो सर्वसाधारण वापरासाठी देऊ नये असा सल्ला तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिला.

त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत होतो. पण या काळात मळमळ, भूक मंदावणं, पोट जड वाटणं हे तक्रारींचे प्रकार इतके सर्रास असतात की सगळ्यांनाच लिव्हरचा आजार समजलं तर उपचार कुणाचाच पुरा होणार नाही. गोळी घेतल्यावर तासाभरात मळमळतं, थोडं खाल्लं की बरं वाटतं, बाकी दिवस ठीक जातो, असं असेल तर तो बहुधा पोटाचा त्रास. हलकं काहीतरी खाऊन गोळ्या घेतल्या तर तो बराच कमी होतो. पण ज्या माणसाला आदल्या आठवड्यात भूक परत येऊ लागली होती, त्याची भूक अचानक मेली, अन्नाचा वासही नकोसा झाला, उलट्या दिवसभर होऊ लागल्या, बरगड्यांखाली उजवीकडे दुखू लागलं, कारण नसताना गळून गेल्यासारखं झालं, तर ती तक्रार लिव्हरकडे बोट दाखवते. टीबीच्या औषधाने आधी सुधारणा व्हायला हवी, मग बिघाड का झाला, हा प्रश्न घरच्यांनी आणि आशाताईंनी स्वतःला विचारावा.

अशा वेळी करायची तपासणी साधी आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी होते. रक्तातलं एसजीपीटी आणि बिलिरुबिन. लिव्हरच्या पेशी फुटल्या की एसजीपीटी रक्तात उतरतं, म्हणून त्याचा आकडा म्हणजे इजेचं माप. बऱ्याच प्रयोगशाळांत नॉर्मलची वरची मर्यादा ४० च्या आसपास असते. तिथून हिशेब करायचा.

डॉक्टर जगभर जी रेषा वापरतात ती अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २००६ च्या निवेदनातून रूढ झाली आहे. रुग्णाला तक्रारी असतील किंवा कावीळ असेल, तर एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट झालं की, म्हणजे साधारण १२० ला, औषध थांबवायचं. तक्रार काहीच नसेल तर पाचपटीपर्यंत, म्हणजे २०० पर्यंत, वाट पाहता येते. एकाच औषधासाठी दोन रेषा का, असं वाटेल. कारण या चार औषधांवर असलेल्या पाचांपैकी एकाच्या रक्तात एसजीपीटी थोडंसं वाढतं, आणि बहुतेकांत गोळ्या चालू असतानाच ते आपोआप खाली येतं. लिव्हर नव्या औषधाशी जुळवून घेत असतं. त्या काळात घाईने थांबवलं तर टीबी मोकळा सुटतो. तक्रारी आल्या की मात्र लिव्हर जुळवून घेत नाही, हे कळून येतं.

आणखी एक बारीक गोष्ट. रिफॅम्पिसिन पहिल्या काही दिवसांत बिलिरुबिन बाहेर टाकण्याच्या वाटेत अडथळा आणतं, त्यामुळे एसजीपीटी नॉर्मल असताना एकटं बिलिरुबिन किंचित वर दिसू शकतं. रुग्णाला बरं वाटत असेल तर हे बहुतेक वेळा दोन आठवड्यांत निवळतं. म्हणून कुठलाही एकच आकडा सुटा वाचायचा नसतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं हे समजण्यासाठी एक रुग्ण डोळ्यांपुढे आणू. भिवंडीजवळच्या वस्तीत राहणारी ४६ वर्षांची बाई, वजन ४२ किलो. थुंकीत टीबीचे जंतू सापडले, जनुकीय चाचणीत रिफॅम्पिसिन लागू पडतं असं कळलं. वजनाप्रमाणे तिला रोज तीन गोळ्या, म्हणजे आयसोनियाझिड २२५, रिफॅम्पिसिन ४५०, पायराझिनामाइड १२०० आणि इथॅम्ब्युटॉल ८२५ मिलिग्रॅम. पहिले तीन आठवडे छान गेले. ताप गेला, खोकला उतरला. चोविसाव्या दिवशी जेवण नको वाटू लागलं. गल्लीतल्या दवाखान्यात गेली, ॲसिडिटीची गोळी आणि एक इंजेक्शन मिळालं. टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आणखी पाच दिवस गोळ्या सुरू राहिल्या आणि उलट्याही.

आशाताई गोळ्यांचं पाकीट पाहायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मावशी, लघवी कशी होते?’

‘लालच. तुम्हीच सांगितलं होतं ना.’

‘संध्याकाळी पण?’

‘संध्याकाळी जास्तच काळपट.’

त्या दिवशी रक्त गेलं. एसजीपीटी ३१२, बिलिरुबिन ३.१, आणि रक्त गोठण्याची चाचणी, आयएनआर, १.१. म्हणजे एसजीपीटी जवळपास आठपट, कावीळ उघड, पण लिव्हरची कामगिरी अजून शाबूत. आयएनआर इथे फार महत्त्वाचा. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं. ते कमी पडले की आयएनआर वाढतो. आयएनआर १.५ च्या पुढे गेला, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला दिसू लागला, तर तो थेट लिव्हर निकामी होण्याचा मार्ग आहे, आणि त्याला एका तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात पोहोचवावं लागतं. दिल्लीच्या एम्सने २०१० मध्ये टीबीच्या औषधांनी लिव्हर निकामी झालेल्या ७० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश दगावले. म्हणून थांबवण्याची रेषा आधीच आखावी लागते. निकामी होऊ लागलेलं लिव्हर मागे आणणं फार अवघड जातं.

या बाईच्या बाबतीत त्याच दिवशी तिन्ही लिव्हरला त्रास देणारी औषधं एकदम बंद झाली. गोळी एकत्रित असल्याने ती पूर्णच बंद करावी लागते, आणि तेच योग्य. इथे मोठी चूक होते ती म्हणजे ‘तीनऐवजी दोन गोळ्या घ्या’ किंवा ‘एक दिवसाआड घ्या’ असा सल्ला. त्याने लिव्हरला पुरेशी विश्रांती मिळत नाही, टीबीला पुरेसं औषध मिळत नाही, आणि अर्ध्यामुर्ध्या औषधाला सरावलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात. शिवाय रिफॅम्पिसिन मध्ये खंड पाडून पुन्हा घेतल्यास काही रुग्णांत थंडी-ताप, प्लेटलेट कमी होणं, किडनीला इजा होणं अशा प्रतिक्रिया येतात. थांबवायचं तर पूर्ण थांबवायचं, आणि डॉक्टरांनी तारीख लिहून ठेवायची.

थांबवण्याबरोबर दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे हा दोष खरोखर औषधांचाच आहे का हे पाहणं. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पाणी दूषित झालं की हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या साथी येतात. त्यांची कावीळ गोळ्यांच्या कावीळीसारखीच दिसते. हिपॅटायटिस बी आणि सी लपलेले असू शकतात. म्हणून या चारींची रक्ततपासणी करायची. दारूचा इतिहास विचारायचा, तोही बायकोसमोर न विचारता. आणि घरात आणखी काय घेतलं जातं हे विचारायचं, यात वनस्पतींचे काढे आलेच. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला जात होता. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद राहू द्या, पण टीबीचा उपचार सुरू असताना आणि लिव्हर सुजलेलं असताना कुठलाच काढा तपासल्याशिवाय घ्यायचा नाही, एवढं यातून नक्की निघतं.

इथे एक आपल्याच समाजातली गोष्ट सांगायला हवी. कावीळ झाली की अनेक गावांत ती ‘उतरवण्याची’ पद्धत आहे. माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात आणि पाणी पिवळं झालं की कावीळ बाहेर पडली असं मानतात. पाणी पिवळं होतं ते चुना आणि हातावर लावलेल्या सालीच्या रसाच्या रासायनिक क्रियेने. माळ घातली तर घाला, त्याने लिव्हर बिघडत नाही. बिघडतं ते त्या आधाराने रुग्ण गोळ्या चालूच ठेवतो म्हणून, किंवा उलट गोळ्या सोडतो आणि पुन्हा दवाखान्याकडे फिरकतच नाही म्हणून. ही दुसरी शक्यता मला जास्त भीतिदायक वाटते, कारण ती शांतपणे घडते. कावीळ गेली, रुग्णाला बरं वाटतं, आणि फुप्फुसात टीबी तसाच राहतो.

आपल्या उदाहरणातल्या बाईची कावीळ व्हायरसची नव्हती, दारूही नव्हती. मग प्रश्न आला की लिव्हर उतरेपर्यंत टीबीला उघडं सोडायचं का? साधी, फार न पसरलेली टीबी असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर दोन-तीन आठवडे विनाऔषध जाऊ शकतात. टीबी ही सावकाश चालणारी व्याधी आहे. पण थुंकीत अजून जंतू असतील, फुप्फुस फार खराब असेल, किंवा मेंदूच्या आवरणाची अथवा सर्वदूर पसरलेली टीबी असेल, तर लिव्हरला फार त्रास न देणारा तात्पुरता पूल बांधतात. त्यात इथॅम्ब्युटॉल, त्याच्या जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन, आणि गरज पडली तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकॅसिनचं इंजेक्शन. इंजेक्शनांनी किडनी आणि कान यांना त्रास होऊ शकतो, म्हणून तीही मोजून. या बाईच्या फुप्फुसात मोठी पोकळी होती, म्हणून तिला इथॅम्ब्युटॉल आणि लेव्होफ्लॉक्सासिन सुरू झालं.

नंतर वाट पाहायची. पण डोळे मिटून नाही, दर आठवड्याला रक्त तपासून. पहिल्या आठवड्यात एसजीपीटी १९०, बिलिरुबिन २.४. दुसऱ्यात ९६ आणि १.४. तिसऱ्यात ५८ आणि ०.९. तोपर्यंत ती भाकरी खाऊ लागली होती. पुन्हा सुरू करण्याची खूण अशी: तक्रारी गेल्या आणि एसजीपीटी दुपटीच्या खाली, म्हणजे ८० च्या खाली आलं. जिथे रक्ततपासणीची सोय नाही, तिथे कावीळ आणि पोटाचं दुखणं गेल्यावर आणखी दोन आठवडे थांबून मगच सुरुवात करा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेत म्हटलं आहे.

पुन्हा सुरू करताना रोगाची जुनीच एकत्रित गोळी देऊन चालत नाही, कारण त्रास पुन्हा झाला तर कुणामुळे झाला हे कळणार नाही. सुटी औषधं लागतात. इथे अनेकदा गाडी अडते. केंद्रावर एकत्रित गोळ्यांचा साठा असतो, सुट्या रिफॅम्पिसिनच्या कॅप्सूल किंवा आयसोनियाझिडच्या गोळ्या नसतात, आणि त्या जिल्हा क्षयरोग केंद्राकडून मागवाव्या लागतात. ही मागणी लिव्हर उतरायची वाट पाहण्याच्या आठवड्यांतच करायला हवी. रुग्ण तयार आणि औषध वाटेत, असं होता कामा नये. खाजगी डॉक्टरकडे उपचार सुरू असला तरी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला कळवून ही मदत घेता येते.

क्रम असा: आधी रिफॅम्पिसिन. तिघांत लिव्हरला त्रास देण्याची शक्यता त्याची कमी आणि टीबी मारण्याची ताकद त्याची सर्वांत जास्त. त्यासोबत इथॅम्ब्युटॉल असतंच, कारण रिफॅम्पिसिन एकटं दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. तीन ते सात दिवस पाहायचं, रक्त तपासायचं, आणि एसजीपीटी वाढलं नाही तर आयसोनियाझिड. पुन्हा तसंच तीन ते सात दिवस. काही डॉक्टर प्रत्येक औषध आधी थोड्या डोसात देऊन दोन-तीन दिवसांनी पूर्ण डोसावर नेतात. ही ब्रिटिश पद्धत आहे. तिच्यात आयसोनियाझिड आधी येतं आणि रिफॅम्पिसिन नंतर.

कुठली पद्धत बरी? एम्सच्या डॉक्टरांनी १७५ रुग्णांत तीन प्रकारे तपासून पाहिलं. एका गटाला तिन्ही औषधं पूर्ण डोसात पहिल्याच दिवसापासून, दुसऱ्याला अमेरिकन क्रमाने, तिसऱ्याला ब्रिटिश पद्धतीने. तिन्ही गट मिळून १९ जणांना, म्हणजे साधारण नऊपैकी एकाला, पुन्हा लिव्हरचा त्रास झाला, आणि गटागटांतला फरक मोठा नव्हता: अनुक्रमे आठ, सहा आणि पाच रुग्ण. २०१० मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पुन्हा त्रास कुणाला होईल हे सांगणारी एकच गोष्ट त्यांना सापडली, आणि ती म्हणजे उपचार सुरू होण्याआधीचं अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन, कमी असणं. अल्ब्युमिन कमी असण्यामागे कुपोषण असू शकतं, तसंच रोगाची तीव्रताही. म्हणून आधीच किडकिडीत असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे पैसे वेळेवर मिळणं, आणि त्यातून अंडी-डाळ-शेंगदाणे ताटात येणं, हा औषधोपचाराचाच भाग समजायला हवा. पैसे उपचार संपल्यावर खात्यात आले तर त्या लिव्हरला त्यांचा काही उपयोग नाही. या अभ्यासाचा अर्थ असा नाही की तिन्ही औषधं एकदम सुरू करून टाकावीत. ज्यांना कावीळ गंभीर झाली होती त्यांच्यात क्रमाने जाण्याचा फायदा असा की त्रास झाला तर दोषी औषध हाती लागतं.

बाईला रिफॅम्पिसिन ४५० मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल आणि लेव्होफ्लॉक्सासिनसोबत सुरू झालं. सातव्या दिवशी एसजीपीटी ४९. मग आयसोनियाझिड २०० मिलिग्रॅम. आणखी सात दिवसांनी ५२. तक्रार नाही, भूक चांगली. आता पायराझिनामाइड? इथे डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं. तिला कावीळ झाली होती, आणि रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड दोन्ही तिला सोसले होते. म्हणजे पहिल्या वेळचा दोष बहुतेक पायराझिनामाइडचा. ते देऊन खात्री करून घेण्याची इच्छा होणं स्वाभाविक आहे, पण ती खात्री लिव्हरच्या जिवावर येते. इजा जितकी तीव्र होती तितकं पुन्हा पायराझिनामाइड देणं धोक्याचं, हे या क्षेत्रातल्या माणसांचं मत एकसारखं आहे. पहिला त्रास सौम्य होता, कावीळ नव्हती, असं असेल तर मात्र ते सावधपणे देऊन पाहता येतं.

पायराझिनामाइड वगळण्याची किंमत असते, आणि ती वेळेची. ते नसेल तर सहा महिन्यांऐवजी साधारण नऊ महिने आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन घ्यावं लागतं. हे नऊ महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे, आधीचे दिवस धरायचे की नाही, ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतात. बाईच्या बाबतीत लेव्होफ्लॉक्सासिन बंद झालं, आणि तिला एकत्रित गोळीचाच दुसरा प्रकार लागू पडला: पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना दिली जाणारी तीन औषधांची गोळी. तिच्यात पायराझिनामाइड नसतंच. इतके दिवस सुट्या औषधांच्या पुड्या सांभाळणाऱ्या बाईला पुन्हा रोज तीन गोळ्या एकाच पाकिटातून मिळू लागल्या.

सगळ्यांचा प्रवास असा सरळ होत नाही. समजा रिफॅम्पिसिन सोसलं आणि आयसोनियाझिड सुरू केल्यावर चौथ्या दिवशी एसजीपीटी पुन्हा १८० वर गेलं, उलट्या सुरू झाल्या. आयसोनियाझिड बंद, लिव्हर पुन्हा खाली येऊ द्यायचं, आणि मग रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल यांच्या जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन घेऊन दुसरी पथ्यावळ उभी करायची. रिफॅम्पिसिनच सोसत नसेल तर उपचार लांबतो, बारा ते अठरा महिन्यांपर्यंतही जातो, कारण त्याच्या बदल्यात तितक्या ताकदीचं औषध नाही. म्हणूनच रिफॅम्पिसिनवर दोष ठेवताना डॉक्टर फार काळजी घेतात. एकदा का ‘याला रिफॅम्पिसिन चालत नाही’ असं फाइलवर लिहिलं गेलं, की रुग्णाच्या आयुष्यातले बरेच महिने त्या एका ओळीने ठरतात. आणि क्रमाने दिल्यानेही दोष नेहमी शंभर टक्के सिद्ध होत नाही. आयसोनियाझिडने एकट्याने काही केलं नसतं, रिफॅम्पिसिनच्या जोडीने केलं, असंही असू शकतं.

या सगळ्या काळात रुग्णाला काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. औषध पुन्हा सुरू झाल्यावर उलटी, भूक जाणं, लघवी दिवसभर गडद होणं यातलं काही झालं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी गोळ्या थांबवून दवाखान्यात यायचं. तापाला पॅरासिटामॉल स्वतःहून घ्यायचं नाही, कारण सुजलेल्या लिव्हरला त्याचाही भार असतो. दारू पूर्ण बंद, अगदी सणालाही. आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांबद्दल: गोळ्या चालू ठेवून वर टॉनिक दिल्याने इजा थांबत नाही. औषध थांबवण्याचा निर्णय टॉनिकच्या बाटलीवर ढकलला जातो, एवढंच होतं.

कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारची निक्षय हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. गावातल्या आशाताई, तालुक्याचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, जिल्हा क्षयरोग केंद्र हे सगळे त्याच साखळीत येतात.

उपचार संपल्यावर एक काम उरतं, आणि ते बहुधा राहून जातं. रुग्णाच्या टीबी कार्डावर, निक्षयच्या नोंदीत आणि घरी ठेवायच्या एका कागदावर स्पष्ट लिहायचं: कुठल्या तारखेला लिव्हरला त्रास झाला, एसजीपीटी किती होतं, कुठली औषधं नंतर सोसली आणि कुठलं दिलं नाही. टीबी काही जणांना पुन्हा होते, कधी दहा वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांना हा कागद मिळाला नाही तर ते साहजिकच चार औषधांची एकत्रित गोळी लिहून देतील आणि त्यात पायराझिनामाइड असेल. म्हणून आपल्या बाईला डिस्चार्जच्या वेळी कागद दिला गेला, त्याची एक प्रत तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली, आणि सुनेला ‘पायराझिनामाइड’ हा शब्द दोनदा म्हणून दाखवायला लावला.